वहीतला तक्ता स्वतःची चूक सांगतो

परीक्षेच्या आठवड्यात अभियांत्रिकीच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहीच्या पानांचे फोटो फिरत असतात. त्यात न्यूटन-रॅफसन पद्धतीचं गणित हमखास असतं आणि समीकरण बहुधा हेच: x³ − 2x − 5 = 0. खुद्द न्यूटनचं हे उदाहरण १६८५ साली वॉलिसच्या ग्रंथातून छापलं गेलं. आजही मुलं तेच सोडवतात.

x कितीला ही राशी शून्य होते? २ घातले तर −१ येतं, ३ घातले तर १६. चिन्ह बदललं, म्हणजे उत्तर मधेच कुठेतरी, आणि तेही २ च्या जवळ. आलेखाची वक्ररेषा नेमकी कुठे अक्षाला छेदते ते ठाऊक नाही. म्हणून २ पाशी वक्ररेषेला स्पर्शिका काढायची. ती सरळ रेषा असल्यामुळे अक्षाला कुठे भेटते ते चटकन निघतं. तो झाला नवा अंदाज. तिथे पुन्हा स्पर्शिका. हिशोब एवढाच: राशीच्या किमतीला उताराने भागायचं आणि तो भागाकार जुन्या x मधून वजा करायचा. इथे उतार 3x² − 2.

| फेरी | x | किंमत | उतार | नवा x |
|---|---|---|---|---|
| १ | २ | −१ | १० | २.१ |
| २ | २.१ | ०.०६१ | ११.२३ | २.०९४५६८१ |
| ३ | २.०९४५६८१ | ०.०००१८५ | ११.१६१६ | २.०९४५५१५ |

या तक्त्यात बघावा तो ‘किंमत’ हा रकाना. १ वरून ०.०६, तिथून थेट ०.०००२. उत्तराजवळ आल्यावर दर फेरीला बरोबर आलेले दशांश साधारण दुप्पट होतात.

आता समजा, दुसऱ्या फेरीत उतार काढताना कुणी शेवटचे २ वजा करायला विसरलं. उतार १३.२३ होतो, नवा x २.०९५४ च्या आसपास येतो. दिसायला बिघडलं काहीच नाही. पण पुढच्या ओळीत किंमत ०.०००१८५ ऐवजी ०.००९४ येते, म्हणजे पन्नासपट मोठी. तीच चूक दर फेरीला झाली तरी गाडी शेवटी उत्तराला पोहोचते, फक्त रखडत. त्यामुळे अंतिम उत्तर जुळलं म्हणून मधलं गणित बरोबर, असं मानू नये. रकाना रखडला की आधी उतार तपासावा.

सुरुवातीचा अंदाज मात्र तक्ता निवडून देत नाही. १ पासून निघालात तर पुढचा अंदाज ७. ०.८ घेतलेत तर तिथे उतार −०.०८, म्हणजे स्पर्शिका जवळजवळ आडवी. ती अक्षाला भेटते थेट −७५.३ वर! ० पासून निघालं तर −२.५, −१.५७, −०.५०, −३.८२ अशी नुसती भटकंती. तेव्हा पहिली ओळ लिहिण्याआधी दोन-तीन पूर्णांक घालून चिन्ह कुठे बदलतं ते बघा, आणि तिथूनच निघा.