बागेच्या कुंपणास रोपे किती? – कोपरे व फाटक यांचा हिशेब

शाळेच्या बागेभोवती सजीव कुंपण लावावयाचे ठरले म्हणजे पहिला प्रश्न रोपांच्या संख्येचा येतो. बागेच्या परिमितीस दोन रोपांमधील अंतराने भागले की संख्या मिळाली, असे समजून हिशेब केला जातो. आणि लावणीच्या दिवशी रोपे उरतात तरी, किंवा कमी तरी पडतात. उरलेल्या रोपांची सोय लावता येते. कमी पडलेल्या रोपांची गोष्ट निराळी आहे. पावसाळ्याच्या आरंभीची ओल साधून लावलेली रोपे वर्षभरात वाढतात. मध्ये राहिलेले खिंडार पुढील वर्षी भरले, तर नवे रोप शेजारच्या वाढलेल्या रोपांच्या सावलीत व मुळांच्या चढाओढीत सापडून खुरटे राहते. शेळीला आत शिरावयास तेवढी वाट पुरते. म्हणून संख्या आधीच बरोबर काढणे अवश्य आहे.

या हिशेबात घोटाळा होतो तो एका कारणाने : भागाकार करून जी संख्या येते ती रोपांची नसते, रोपांमधील अंतरांची असते. सरळ ओळ ३ मीटर लांब असून रोपे ३० सेंटिमीटरवर लावावयाची असतील, तर अंतरे १० होतात. दोन्ही टोकांस रोप असेल, तर रोपे ११ लागतात. एका टोकास खांब किंवा भिंत असेल, तर १०, आणि दोन्ही टोकांस खांब असतील, तर ९ पुरतात. हे मुलांस अंगणातच दाखविता येते. अकरा मुले ओळीने हात धरून उभी करावीत; धरलेल्या हातांच्या जोड्या १० भरतील. मग पहिल्या व शेवटच्या मुलाने एकमेकांचा हात धरून वर्तुळ करावे. मुले ११ आणि जोड्याही ११. जी ओळ फिरून स्वतःस मिळते तिच्यात अंतरे व रोपे सारखी असतात. बागेच्या कुंपणाचा सगळा हिशेब या दोन चित्रांत आहे. फाटक नसलेले कुंपण म्हणजे मुलांचे वर्तुळ, आणि फाटक असलेले कुंपण म्हणजे वळलेली, पण टोके सुटी असलेली ओळ.

आता एक उदाहरण घेऊ. बाग २४ मीटर लांब व १८ मीटर रुंद आहे. कुंपणासाठी कडू कोयनेल निवडली आहे. तिची पाने गुरे व शेळ्या सहसा खात नाहीत आणि ती फांदीच्या तुकड्यांपासून लावता येते. रोपांमधील अंतर ३० सेंटिमीटर ठरविले आहे. प्रथम चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण मोजावेत. या मापाच्या आयताचा कर्ण बरोबर ३० मीटर येतो. दोन्ही कर्ण तेवढे भरले, तरच कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. कोपरे तिरके राहिले, तर पुढे सांगितलेल्या कोपऱ्यावरील खुणा जुळणार नाहीत.

लांब बाजूवर ८० अंतरे व आखूड बाजूवर ६० अंतरे होतात. पुष्कळ मुले प्रत्येक बाजूस एक मिळवून ८१, ६१, ८१ व ६१ अशी बेरीज करतात आणि २८४ उत्तर काढतात. प्रत्येक बाजू सुटी घेतली, तर ते चुकीचे नाही. परंतु कोपऱ्यावरचे रोप दोन बाजूंचे असल्यामुळे ते दोनदा मोजले जाते. कोपरे चार, म्हणून उत्तर चाराने वाढते. ही चूक टाळण्याचा सोपा नियम असा की, बागेभोवती एकाच दिशेने फिरावे व प्रत्येक बाजूने आपला आरंभीचा कोपरा मोजावा, शेवटचा पुढच्या बाजूस सोडावा. मग ८०, ६०, ८०, ६० मिळून २८० होतात. परिमिती ८४ मीटर, म्हणजे ८४०० सेंटिमीटर, हिला ३० ने भागल्यासही तेच उत्तर येते.

जमिनीवर आखताना हीच चूक दुसऱ्या रूपाने दिसते. एका गटाने एक बाजू व दुसऱ्याने दुसरी आखली की दोघेही कोपऱ्यावर आपापले रोप लावतात. चार बोटांच्या अंतरावर दोन रोपे दाटीने उभी राहतात, त्यांतील एक मागे पडते व कोपऱ्यावर पोकळी दिसू लागते. यासाठी कोपऱ्यावरची चार रोपे सर्वांआधी लावून मगच बाजू गटांस वाटून द्याव्यात.

आता फाटक. ते एका लांब बाजूच्या मध्यावर, दीड मीटर रुंद ठेवावयाचे आहे. दीड मीटर म्हणजे ५ अंतरे. त्या बाजूवर कोपऱ्यापासून ० ते ८० अशा खुणा केल्या, तर खांब खुणांवरच यावेत म्हणून एक ३७ व्या आणि दुसरा ४२ व्या खुणेवर रोवावा. बाजूची अंतरे ८० व फाटकाची ५ असल्यामुळे फाटक अगदी मध्यावर बसत नाही, १५ सेंटिमीटरने सरकते, तेवढे चालते. खांब लावणीपूर्वीच रोवावेत, कारण मागाहून खड्डे खणल्यास शेजारच्या रोपांची मुळे तुटतात.

येथे मुले २८० मधून ५ वजा करून २७५ उत्तर देतात. त्यांनी फाटकाची अंतरे वजा केली, खुणा मोजल्या नाहीत. पाच अंतरांना खुणा सहा असतात : ३७, ३८, ३९, ४०, ४१ व ४२. मधल्या चार खुणांवर मोकळी वाट आहे आणि टोकांच्या दोन खुणांवर खांब आहेत. म्हणून सहा रोपे कमी होतात व २७४ उरतात. दुसऱ्या रीतीने पाहिले, तर राहिलेल्या ओळीत २७५ अंतरे असून तिच्या दोन्ही टोकांस खांब आहेत. म्हणून रोपे अंतरांहून एकाने कमी. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले, म्हणजे हिशेब पटला.

ओळीतील रोपे एवढी झाली. पण कुंपण जेथे तुटते ती स्थळे बहुधा कोपरे व फाटकाच्या बाजू हीच असतात. सरळ ओळीतील रोपास दोन्हीकडून शेजाऱ्याचा आधार असतो आणि एक रोप मेले, तर शेजारची फांद्या पसरून बरीच जागा झाकतात. कोपऱ्यावरचे रोप मात्र दोन बाजूंनी उघडे असते; वाटेने जाणारी जनावरे वळताना त्यालाच घासतात, आणि ते गेले की खिंडार दोन्ही बाजूंनी उघडे पडते. फाटकाशेजारच्या रोपास एका अंगाने शेजारीच नसतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा धक्का त्यालाच बसतो. म्हणून या सहा ठिकाणी आतल्या अंगास एकेक जादा रोप द्यावे.

ते कोठे लावावे, हेही मापाने ठरते. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंपासून आत ३० सेंटिमीटरवर जादा रोप लावले, म्हणजे ते, कोपऱ्याचे रोप आणि कोपऱ्याची दोन शेजारची रोपे मिळून एक चौरस होतो. जादा रोपापासून त्या दोन्ही शेजाऱ्यांचे अंतर ३० सेंटिमीटरच राहते, त्यामुळे दाटी होत नाही. फाटकाजवळ ३६ व्या व ४३ व्या खुणेवरील रोपांच्या मागे, आत ३० सेंटिमीटरवर एकेक रोप द्यावे. फाटक आत उघडणारे असेल, तर ते काटकोनापलीकडे फिरून या रोपांवर आदळणार नाही, असे पाहावे. चर खणतानाच या सहा जागी तो आतून रुंद करावा.

चार कोपऱ्यांची ४ व फाटकाची २ मिळून ६ रोपे वाढली, आणि २७४ ची पुन्हा २८० झाली. ही संख्या आरंभीच्या भागाकाराशी जुळते, हा केवळ योगायोग आहे, आणि मुलांस तो नियम वाटू नये म्हणून लगेच दुसरे उदाहरण द्यावे. गाडी जाण्यासाठी फाटक ३ मीटर ठेवले, तर अंतरे १० व खुणा ११. २८० मधून ११ गेल्या, २६९ राहिल्या, ६ मिळविल्यावर २७५ झाली. परिमितीचा भागाकार तोच, पण रोपे ५ ने कमी.

यावर मर होणाऱ्या रोपांसाठी काही राखीव हवीत. दहास एक या प्रमाणाने पहिल्या उदाहरणात २८ येतात. सुमारे ३० धरावीत. ही कुंपणाच्या ओळीत दाटून लावू नयेत. ती वाफ्यात वेगळी वाढवावी आणि पहिल्याच पावसाळ्यात, शेजारची रोपे लहान आहेत तोवर, मेलेल्यांच्या जागी लावावी. कोयनेलीच्या फांद्यांचे तुकडे पेन्सिलीएवढे जाड व वीतभर लांब घेऊन, त्यांचा दोनतृतीयांश भाग जमिनीत राहील असे लावावेत. सरळ असलेले टोक खाली व तिरपे कापलेले वर, अशी खूण आधीच ठेवली, तर उलटे लावले जात नाहीत.

बागेच्या बाजूस ३० ने नेहमी निःशेष भाग जातो असे नाही. बाजू २० मीटर ५० सेंटिमीटर असेल, तर ६८ अंतरे होऊन १० सेंटिमीटर उरतात. ही बाकी शेवटच्या रोपाशेजारी सोडली, तर एक अंतर ४० सेंटिमीटरचे होईल, आणि तेही नेमके कोपऱ्यावर. त्याऐवजी अंतरे ६८ ठेवून बाकी सर्वांत वाटावी. प्रत्येक अंतर सुमारे दीड मिलिमीटरने वाढते, ते डोळ्यास दिसतही नाही. खुणा करताना बाजूच्या मध्यावर ३४ वी खूण आधी करावी व तेथून दोन्हीकडे मोजत जावे, म्हणजे मापातील चूक एका टोकास साचत नाही.

मुलांची उत्तरे तपासताना केवळ चूक-बरोबर असा शेरा न देता फरक पाहावा. फाटक नसता उत्तर २८४ असेल, तर कोपरे दोनदा मोजले. २८१ असेल, तर मिटलेल्या ओळीसही सरळ ओळीचा नियम लावून एक अधिक धरला. फाटक असता २७५ असेल, तर अंतरे वजा केली, खुणा नव्हेत. २७६ असेल, तर खांबांच्या जागीही रोपे धरली. अशा मुलास पाटीवरचा हिशेब पुन्हा न सांगता फाटकाजवळ न्यावे व ३७ पासून ४२ पर्यंतच्या खुणांवर एकेक खडा ठेवावयास सांगावे.