तेराव्या पिनेवरची भाषा

सॅमसंगच्या टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये Anynet+ नावाची एक सोय असते. एलजीच्या टीव्हीत तिला SIMPLINK म्हणतात, सोनीत BRAVIA Sync, पॅनासॉनिकमध्ये VIERA Link, तर फिलिप्समध्ये EasyLink. नावं वाचून ग्राहकाचा समज होतो, की ही प्रत्येक कंपनीची स्वतंत्र करामत आहे आणि टीव्ही ज्या कंपनीचा, साउंडबारही तिचाच घ्यायला हवा. तसं नाही. या सगळ्या नावांखाली एचडीएमआय-सीईसी ही एकच पद्धत आहे. टीव्हीच्या रिमोटने प्लेअर किंवा साउंडबार चालवता यावा आणि प्लेअर सुरू केला की टीव्हीही जागा व्हावा, हे तिचं काम.

एचडीएमआय केबलच्या टोकाला १९ पिना असतात. चित्र आणि आवाज इतर पिनांवरून धावतात; ही उपकरणं एकमेकांशी बोलतात ती तेराव्या पिनेवर. या तारेचा वेग सेकंदाला जेमतेम ४०० बिट, पण निरोपच इतके छोटे असतात की तेवढा पुरतो. समजा, टीव्ही बंद आहे आणि त्याच्या पहिल्या सॉकेटला स्ट्रीमिंग स्टिक लावली आहे. तुम्ही स्टिकच्या रिमोटचं होम बटण दाबता. स्टिक तारेवर दोन निरोप सोडते:

```
40:04
4F:82:10:00
```

सुरुवातीचा ४ हा स्टिकचा क्रमांक. त्याच्या शेजारचा ० हा टीव्हीचा, आणि F म्हणजे ‘सर्वांसाठी’. पहिल्या निरोपातल्या 04 चा अर्थ ‘चित्र दाखवायला तयार हो’. दुसऱ्यातला 82 सांगतो, की आता दाखवणारा मी आहे, आणि 10:00 हा त्याचा पत्ता: टीव्हीचं पहिलं सॉकेट. दुसरा निरोप पोचायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. टीव्ही जागा होतो आणि तुम्ही न सांगताच योग्य सॉकेटवर जातो. यात कंपनीचं नाव कुठेही आलेलं नाही, म्हणूनच एका कंपनीची स्टिक दुसऱ्या कंपनीचा टीव्ही उठवू शकते.

मग नावं वेगळी का? ही सवय एचडीएमआयच्याही आधीची आहे. युरोपात टीव्ही आणि व्हीसीआर स्कार्ट नावाच्या जाड केबलने जोडत, आणि तिच्या एका पिनेवर एव्ही.लिंक ही अशीच पद्धत चाले. तेव्हाही सोनी तिला स्मार्टलिंक म्हणे, पॅनासॉनिक क्यू-लिंक आणि फिलिप्स ईझीलिंक. २००२ साली एचडीएमआयचा पहिला आराखडा आला, त्यातली सीईसी याच पद्धतीवर बेतलेली होती. फिलिप्सने तर जुनं नावच पुढे चालवलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आराखड्याने तार जोडणं सक्तीचं केलं, तिच्यावरून बोलणं मात्र ऐच्छिक ठेवलं. कोणते निरोप पाळायचे हे कंपनीने ठरवायचं. शिवाय कंपन्यांना आपापले खासगी निरोप ठेवायचीही मुभा दिली. टीव्ही समोरच्या उपकरणाला त्याच्या कंपनीची ओळख विचारू शकतो आणि घरचाच माणूस निघाला तर जास्त मोकळेपणाने बोलतो. लिबसीईसी ही सीईसीसाठीची खुली सॉफ्टवेअर प्रणाली म्हणूनच कंपनीगणिक वेगळी वागणूक ठेवते. एलजीच्या टीव्हीशी जुळवून घेताना ती स्वतःची ओळखही एलजीचं उपकरण अशी देते. तेव्हा ब्रँडचं नाव निव्वळ जाहिरात नसतं. मूळ पद्धत अधिक आमच्या चार गोष्टी, असं ते गाठोडं असतं. माझी तक्रार एवढीच, की मूळ पद्धत सर्वांची आहे हे ग्राहकाला खोक्यावर ठळक वाचायला मिळायला हवं. सॅमसंग आणि एलजी आता मेन्यूत आपल्या नावाशेजारी HDMI-CEC असं लिहितात, हे चांगलंच आहे.

वेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडताना बहुधा सुरू-बंद करणं, सॉकेट बदलणं, आवाज कमी-जास्त करणं आणि बाणांची बटणं एवढं जमतं. पुढचे खास मेन्यू जमतीलच असं नाही. सोय दोन्ही उपकरणांत चालू करावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती आधी बंदच असते. ती चालते का, हे पाहायला प्लेअरचा पुढचा भाग हाताने झाका आणि टीव्हीचा रिमोट टीव्हीकडेच धरून बाण दाबा. प्लेअर हलला, तर निरोप केबलमधून जातो आहे.

काल चालणारं आज अचानक बंद पडलं, तर लक्षात ठेवा की ही तार सगळ्या उपकरणांत सामाईक आहे. एखादं बिघडलेलं उपकरण ती अडवून बसलं, की बाकीच्यांचंही बोलणं थांबतं. सगळ्यांचे प्लग काढा, काही मिनिटांनी आधी टीव्ही सुरू करा आणि मग एकेक केबल जोडत जा. जे जोडल्यावर पुन्हा सगळं गप्प होईल, त्या उपकरणातली ही सोय बंद करा. चित्र तरीही येत राहील.