मेगर पास, तरी मोटर गरम

उसाच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये वायंडिंगच्या दुकानांत मोटरींची रांग लागते. त्यातल्या काही मोटरी कोड्यात टाकतात. मेगर लावला तर तो शेकडो मेगओहम दाखवतो, म्हणजे वायंडिंग बॉडीला कुठेच टेकलेलं नाही. तिन्ही फेजची कंटिन्युइटी येते. तरीही मोटर चालू केली की पंधरा मिनिटांत अंग चटका देण्याइतकं तापतं, जळक्या वार्निशचा वास येतो आणि ओव्हरलोड रिले पाडतो.

यात मेगरचा दोष नाही. तार आणि लोखंडी बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन तपासणं एवढंच त्याचं काम. एकाच कॉइलमधल्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांचं इनॅमल घासून तांबं तांब्याला लागलं, तर ते त्याला कळायला काही मार्गच नाही. या बिघाडाला दुकानात ‘टर्न शॉर्ट’ म्हणतात. तो शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. बारा व्होल्टची बॅटरी, एक बरा डिजिटल मल्टिमीटर आणि टाँग टेस्टर एवढ्यावर बरंच निभतं. मात्र कुठलं रीडिंग काय सांगू शकतं आणि काय नाही, हे माहीत हवं.

शेतीपंपावर नेहमी दिसणारी साडेसात एचपीची, ४१५ व्होल्टची, स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालणारी मोटर उदाहरणाला घेऊ. तिच्या प्रत्येक फेजमध्ये साधारण २७० वेढे आणि एका फेजचा रेझिस्टन्स अडीच ओहमच्या आसपास, असं धरू. नेहमीचा मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर ठेवून हे मोजायला गेलं तर फसगत होते. मीटरच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स दोन-तीन दशांश ओहम भरतो आणि स्क्रीनवरचा शेवटचा आकडाही दशांशाचाच असतो. आपल्याला हवा असतो त्याहून बारीक फरक.

त्यावरचा तोडगा सोपा आहे. आधी मेन स्विच बंद करून मोटरकडे येणाऱ्या सहाही वायरी टर्मिनलवरून सोडवायच्या. डेल्टाच्या पट्ट्या असतील तर त्याही काढायच्या. त्या राहिल्या तर बाकीच्या दोन फेज तिसरीला पॅरलल येतात आणि फेजमधला खरा फरक मीटरवर निम्माच दिसतो. मग यू-२ ला व्ही-१, व्ही-२ ला डब्ल्यू-१ जोडायचं आणि यू-१ व डब्ल्यू-२ यांवर ट्रॅक्टरची बॅटरी लावायची. तिन्ही फेज एकामागे एक आल्यामुळे तिन्हींतून एकच करंट जातो, इथे सुमारे दीड अँपिअर. आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक फेजच्या स्वतःच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज वाचायचं. करंट सारखाच असल्यामुळे जिथे रेझिस्टन्स कमी तिथे व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी. वायरींचा रेझिस्टन्स हिशेबात येतच नाही आणि अँमीटरचीही गरज उरत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं: बॅटरी सोडवण्याआधी मीटर काढून घ्यायचा आणि उघड्या टोकांना हात लावायचा नाही. वायंडिंगमधला करंट एकदम तुटला की क्षणभर मोठं व्होल्टेज उसळतं.

समजा रीडिंग आली ४.११, ४.१२ आणि ३.८८. तिसरी फेज जवळपास सहा टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे तिच्यातले पंधराएक वेढे हिशेबातून गेले. निकाल लागला. उलट एखादी फेज जास्त दाखवत असेल, तर वेढ्यांचा संशय सोडून जोड पाहावेत. दोन तारा जोडीने गुंडाळलेल्या वायंडिंगमध्ये एक तार लगमध्ये नीट झाळलेली नसते, असं पुष्कळदा निघतं. मोटर गरम असली तरी तुलनेत फारसा फरक पडत नाही, कारण तिन्ही फेज सारख्याच तापलेल्या असतात. मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहायचं असेल तर मात्र मोटर पूर्ण थंड हवी. तांब्याचा रेझिस्टन्स दर दहा अंशांना सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

आता अवघड बाजू. समजा रीडिंग ४.११, ४.१२ आणि ४.०९ आली. फरक अर्ध्या टक्क्याच्या जरासा वर. बहुतेक कारागीर अशी मोटर ‘ठीक’ म्हणून परत देतील आणि त्यांना दोषही देता येणार नाही, कारण एवढा फरक एका फेजची तार थोडी घट्ट ओढली गेली तरी पडू शकतो. पण २७० पैकी दोनच वेढे शॉर्ट असतील, तर डीसीवर दिसणारा फरक एवढाच असतो.

एसीवर हेच दोन वेढे गप्प बसत नाहीत. प्रत्येक वेढ्यात दीड व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तयार होतं. ते ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एका वेढ्याचा रेझिस्टन्स ओहमच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा असतो. शॉर्ट झालेला वेढा म्हणजे टोकं एकमेकांना जोडलेली ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी. त्यात नेहमीच्या करंटच्या कित्येक पट करंट फिरतो आणि त्याचं ओझं त्या फेजला मेनमधून जास्तीचा करंट ओढून भागवावं लागतं. म्हणून डीसीवर लपलेला दोष टाँग टेस्टरवर उघडा पडतो.

स्टार-डेल्टा स्टार्टरचा इथे एक आयता फायदा मिळतो. स्टार्टरपासून मोटरकडे सहा वायरी जातात, त्यामुळे डेल्टात चालताना यू-१, व्ही-१ आणि डब्ल्यू-१ च्या वायरींवर थेट त्या-त्या फेजचा करंट पकडता येतो. कपलिंग सोडून मोटर रिकामी चालवली आणि रीडिंग आली २.७, २.७ व ३.३, असं धरू. सरासरी २.९, तिच्यापासून सर्वांत मोठी तफावत ०.४. म्हणजे असमतोल चौदा टक्के. रेझिस्टन्समध्ये जेमतेम अर्धा-पाऊण टक्का दाखवणारा बिघाड इथे वीसेक पट मोठा होऊन समोर येतो.

तरीही लगेच मोटर उघडायची घाई करू नये. हाच आकडा लाइनच्या दोषामुळेही येऊ शकतो, आणि ग्रामीण फीडरवर तो संशय आधी घ्यावा. तीन लाइनमधलं व्होल्टेज ४२०, ४१६ आणि ४०८ असेल तर असमतोल भरतो फक्त १.६ टक्के. पण अमेरिकेतल्या ‘नेमा’ या उद्योगसंस्थेचं मोटरविषयक मानक सांगतं, की व्होल्टेजच्या असमतोलाच्या सुमारे सहा ते दहा पट असमतोल चालत्या मोटरच्या करंटमध्ये उमटतो. म्हणजे निर्दोष मोटरही इथे दहा-पंधरा टक्के दाखवेल.

दोष लाइनचा की मोटरचा, हे ठरवायला जुने वायरमन वायरी फिरवतात. मेन बंद करून स्टार्टरला येणाऱ्या तिन्ही लाइन एकेक घर पुढे सरकवायच्या: आर होती तिथे बी, वाय होती तिथे आर, बी होती तिथे वाय. फक्त दोनच वायरींची अदलाबदल करायची नाही. तसं केलं तर मोटर उलटी फिरते. आता पुन्हा करंट घ्यायचा. ३.३ चा आकडा डब्ल्यू फेजवरच राहिला तर खोट वायंडिंगमध्ये किंवा स्टार्टरच्या कॉन्टॅक्टमध्ये. तो सरकून दुसऱ्या फेजवर गेला तर वायंडिंगला हात न लावता ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूज पाहावेत. नीट भरलेली मोटर केवळ या गल्लतीपायी पुन्हा भरली जाते, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मोनोब्लॉक किंवा बोअरमधली सबमर्सिबल मोटर रिकामी चालवता येत नाही. लोडवर खऱ्या कामाचा करंट मोठा असल्यामुळे शॉर्ट वेढ्याचा जास्तीचा करंट त्यात विरतो आणि एखाद-दुसरा वेढा सुटून जातो. भरताना कारागिराचे दहा-बारा वेढे कमी पडले, तरी त्या फेजचा रेझिस्टन्स कमी आणि करंट जास्त येतो. पण अशा मोटरीत कुठेही एका जागी भाजल्याची खूण नसते. खरा टर्न शॉर्ट असेल तर मोटर दोन-तीन मिनिटं चालवून, मेन बंद करून, एंड कव्हर काढलं की एकच कॉइल बाकीच्यांपेक्षा गरम लागते आणि तिथलं वार्निश काळपट पडलेलं दिसतं. ते सापडल्यावर मोटर पुन्हा चालवून पाहू नये. दोनाचे वीस वेढे व्हायला वेळ लागत नाही.

मोटर भरून घेताना दुकानदाराकडून तीन फेजचे रेझिस्टन्स आणि तीन रिकामे करंट, असे सहा आकडे त्या वेळच्या व्होल्टेजसह लिहून घ्या आणि तो कागद स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.