व्हीपीएनच्या ‘ओके’मागची परवानगी

फोनवर व्हीपीएनचं कुठलंही ॲप पहिल्यांदा सुरू केलं की एक छोटी चौकट उघडते. या ॲपला व्हीपीएन कनेक्शन उभारायचं आहे, त्यामुळे त्याला नेटवर्कवरच्या वाहतुकीवर लक्ष ठेवता येईल, स्रोतावर विश्वास असेल तरच होकार द्या, अशा आशयाचा मजकूर तिच्यात असतो. व्हीपीएन चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेला किल्लीचं चिन्ह दिसेल, असंही सांगितलेलं असतं. खाली ‘कॅन्सल’ आणि ‘ओके’. आयफोनवर शब्द थोडे वेगळे असतात, पण फोनवरची सगळी नेटवर्क-हालचाल गाळली किंवा पाहिली जाऊ शकते, हा इशारा तिथेही आहे. बहुतेक जण ‘ओके’ दाबून पुढे जातात. हा मजकूर वकिलांनी पदरी बांधलेली सावधगिरी नाही. ॲपला नेमकं काय मिळणार, ते त्यात सरळ लिहिलेलं आहे.

इंटरनेट वापरण्यासाठी अँड्रॉइडवरचं साधं ॲप काहीच विचारत नाही. ती परवानगी इन्स्टॉल होतानाच आपोआप मिळते, कारण असं ॲप फक्त स्वतःचीच माहिती ने-आण करतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत ठेवलेलं असतं. बँकेचं ॲप काय पाठवतंय हे शेजारच्या गेमला कळू शकत नाही. व्हीपीएनचं काम मात्र या भिंती न ओलांडता होऊच शकत नाही, कारण त्याला सगळ्याच ॲपची वाहतूक हाताळायची असते. म्हणून २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये बाहेरच्या ॲपना व्हीपीएन चालवण्याची सोय दिली, तेव्हा गूगलने त्यासोबत ही स्वतंत्र संमतीही ठेवली. चौकट ॲप स्वतः काढत नाही, ती फोनची यंत्रणा दाखवते. त्यामुळे तिचा मजकूर गोड करून लिहिणं ॲपच्या हातात नसतं.

होकार दिल्यावर काय घडतं? यंत्रणा फोनमध्ये एक आभासी नेटवर्क-जोडणी तयार करते. तिचं नाव बहुधा tun0 असं असतं. वायफाय किंवा मोबाइल डेटाकडे थेट जाणारी माहितीची पॅकेट्स आता आधी या जोडणीकडे वळतात, आणि तिचं दुसरं टोक व्हीपीएन ॲपच्या हातात दिलेलं असतं. ॲप एकेक पॅकेट वाचतं, त्याचं काय करायचं ते ठरवतं आणि आलेली उत्तरं परत त्याच वाटेने आत सोडतं. कोणत्या पत्त्यांची वाहतूक आपल्याकडे घ्यायची, कोणती ॲप वगळायची, वेबसाइटची नावं शोधायला कोणता डीएनएस सर्व्हर वापरायचा, हे सगळं ॲपच सांगतं. एका वेळी असं एकच व्हीपीएन चालू शकतं. दुसरं सुरू केलं की पहिलं बंद पडतं.

खरी मेख यापुढे आहे. पॅकेट हातात आल्यावर ॲपने ते कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरकडे पाठवावं, अशी वापरणाऱ्याची समजूत असते. यंत्रणा मात्र तसं काही तपासत नाही. ॲप ते कुलूपबंद करू शकतं, उघडंच पाठवू शकतं, फोनमध्येच तपासून सोडून देऊ शकतं किंवा फेकून देऊ शकतं. नेटगार्डसारखी चांगली ॲप याच सोयीवर उभी आहेत. नेटगार्डला बाहेर कुठला सर्व्हरच लागत नाही. कोणत्या ॲपला इंटरनेट द्यायचं आणि कोणत्याला नाही, हे ते फोनमध्येच ठरवतं. जाहिरातींचा माग अडवणारी काही ॲपही असंच करतात. त्यांनीही हीच चौकट दाखवलेली असते. म्हणजे चौकटीवरून ॲपचा हेतू कळत नाही, त्याचा अधिकार तेवढा कळतो.

हा अधिकार कुठवर पोहोचतो, ते एका उदाहरणातून पाहू. कुणीतरी फोनच्या ब्राउझरमध्ये मराठी विकिपीडिया उघडून मधुमेहावरचा लेख वाचतंय. ब्राउझर आधी mr.wikipedia.org चा आकडी पत्ता विचारतो. ही विचारणा बऱ्याचदा कुलूपबंद नसते आणि ती व्हीपीएन ॲपने ठरवलेल्या सर्व्हरकडे जाते, म्हणून ॲपला साइटचं नाव कळतं. मग सुरक्षित जोडणी सुरू होते. तिच्या पहिल्या निरोपातही साइटचं नाव सहसा उघडंच असतं. त्यानंतरचं सगळं कुलूपबंद. लेख मधुमेहावरचा होता की मांडवगडावरचा, हे ॲपला वाचता येत नाही. पाकिटावरचा पत्ता दिसावा आणि आतलं पत्र दिसू नये, तसंच हे. पण किती वाजता, किती वेळ, किती माहिती आली-गेली, दिवसातून कितीदा, हे सगळं दिसतं. अँड्रॉइड १० पासून तर अमुक जोडणी कोणत्या ॲपची आहे, हेही व्हीपीएन ॲप यंत्रणेला विचारू शकतं. पत्ता https ने सुरू न होणाऱ्या जुन्या साइटवर मात्र काहीच झाकलेलं नसतं. तिथला मजकूर वाचता येतो आणि वाटेत बदलताही येतो.

फोटो, संपर्क, एसएमएस, मायक्रोफोन यांतलं काहीही या परवानगीतून मिळत नाही. त्यासाठी ॲपला वेगळं विचारावं लागतं. व्हॉट्सॲपचे संदेशही वाचता येत नाहीत. व्हॉट्सॲप वापरलं जातंय एवढं कळतं. एरवी ही पाकिटावरची माहिती मोबाइल कंपनीला दिसत असते. व्हीपीएन लावल्यावर ती तिच्या नजरेआड जाते आणि व्हीपीएनवाल्याच्या नजरेत येते. बघणारा बदलतो, एवढंच.

नुसत्या पाकिटावरच्या माहितीचं मोल किती असू शकतं, हे ओनावो या ॲपने दाखवून दिलं. ओनावो ही इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे मोफत व्हीपीएन ॲप माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली वाटलं जात होतं. लाखो लोकांनी तीच संमतीची चौकट पाहून ‘ओके’ दाबलं. मग लोक कोणती ॲप किती वापरतात, याचा हिशेब फेसबुककडे जमू लागला. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं प्रसिद्ध केली. त्यांत ओनावोच्या आकड्यांवरून काढलेले आलेख होते आणि व्हॉट्सॲपचा वापर कसा वाढतोय हे त्यांत मांडलेलं होतं. हेच व्हॉट्सॲप फेसबुकने २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलर मोजून घ्यायचं ठरवलं होतं. संदेश न वाचतासुद्धा बाजारात कोण वर चाललंय हे कंपनीला इतरांच्या आधी दिसत होतं.

ॲपलने २०१८ मध्ये ओनावो आपल्या दुकानातून काढायला लावलं. पुढच्या वर्षी ते गूगलच्या दुकानातूनही गेलं. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने प्रकरण न्यायालयात नेलं, कारण तिथे २,७०,००० हून अधिक वेळा ते इन्स्टॉल झालं होतं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने फेसबुकच्या मूळ कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, दोन उपकंपन्यांना प्रत्येकी १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. माहिती मेटाच्या व्यावसायिक फायद्यासाठी वापरली जाईल, हे ॲपच्या जाहिरातीत नीट सांगितलं नव्हतं, हा ठपका होता. लक्षात घ्यायचं ते हे, की फोनच्या चौकटीने लोकांना फसवलं नव्हतं. वाहतुकीवर लक्ष ठेवता येईल, हे तिने सांगितलंच होतं. लपलं होतं ते लक्ष कुणासाठी ठेवलं जाणार, आणि ते सांगणं चौकटीच्या आवाक्यात नाही.

याच कंपनीचं दुसरं प्रकरण जानेवारी २०१९ मध्ये उघडकीला आलं. ‘फेसबुक रिसर्च’ नावाचं ॲप १३ ते ३५ वयोगटातल्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन बसवायला लावलं जात होतं. त्यात व्हीपीएनच्या जोडीने फोनमध्ये एक रूट प्रमाणपत्रही बसवलं जाई. त्यामुळे गणित पार बदलतं. हे प्रमाणपत्र मान्य केलं की वाटेतला सर्व्हर ‘मीच ती वेबसाइट’ असं फोनला पटवू शकतो आणि कुलूपबंद मजकूरही उघडून वाचू शकतो. विकिपीडियाच्या उदाहरणात जो लेख दिसत नव्हता, तो आता दिसू शकतो. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप अशा हाताने बसवलेल्या प्रमाणपत्रांवर आपसूक विश्वास ठेवत नाहीत. अँड्रॉइड ११ पासून तर ते बसवायला वापरणाऱ्याला स्वतः सेटिंग्जमध्ये जावं लागतं. तरीही ॲपने पायऱ्या समजावून सांगितल्या तर माणूस जातोच. ऑफिसने दिलेल्या फोनची गोष्ट निराळी. पण घरच्या फोनवर एखादं व्हीपीएन ॲप प्रमाणपत्र बसवायला सांगत असेल, तर ते तिथल्या तिथे काढून टाकावं.

मोफत ॲपच्या बाबतीत तर निव्वळ निष्काळजीपणाही मोठा असतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेतल्या आणि इतर विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांतली १८ टक्के ॲप वाहतूक कुलूपबंदच करत नव्हती. ७५ टक्के ॲपमध्ये तिसऱ्याच कंपन्यांचे माग काढणारे तुकडे होते. खासगीपणासाठी घेतलेल्या ॲपनेच हे करावं, याचा राग यायला हवा. पुढे गूगलने नियम कडक केले: व्हीपीएनची सोय वापरत असल्याचं ॲपच्या माहितीत लिहायचं आणि फोनपासून सर्व्हरपर्यंतची वाहतूक कुलूपबंद ठेवायची. नियम चांगला आहे, पण तो गूगलच्या दुकानापुरता. व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलला तो लागू पडत नाही, आणि तिथेही चौकट तशीच उघडते.

एकदा दिलेला होकार टिकून राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ॲपमधलं बटण बंद केलं की व्हीपीएन थांबतं, पण संमती जात नाही. पुढच्या वेळी तेच ॲप न विचारता कनेक्शन उभारतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘व्हीपीएन’ असं शोधलं की संमती मिळालेल्या ॲपची यादी दिसते. नावाशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून व्हीपीएन विसरण्याचा पर्याय निवडला, किंवा ॲपच काढून टाकलं, म्हणजे संमती मागे घेतली जाते. तुम्ही व्हीपीएन सुरू केलेलं नसताना वर किल्लीचं चिन्ह दिसत असेल, तर आजच ही यादी उघडा. तिथलं एखादं नाव ओळखीचं नसेल, किंवा ते ॲप चालवतं कोण हे शोधूनही सापडत नसेल, तर ते काढून टाका.