घड्याळाचा सेल घरी बदलताय? आधी झाकणातली रबरी रिंग बघा

सेकंदकाटा चार-चार सेकंदांनी उडी मारायला लागला, की बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. मागचं झाकण स्क्रूचं नसून दाबून बसवलेलं असेल, तर सेल घरीही बदलता येतो.

झाकणाच्या कडेला बारीक खाच असते. तिथे बोथट पातं घालून हलकेच पिळलं की झाकण सुटतं. सेल प्लास्टिकच्या चिमट्याने काढावा, धातूच्या चिमट्याने शॉर्ट होऊ शकतो. जुन्यावर ३७७ लिहिलं असेल, तर नवा ३७७च घ्यावा. त्या मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल बसतो खरा, पण लवकर संपतो आणि गळण्याची भीती जास्त.

खरी गफलत होते ती झाकण लावताना. रबरी रिंग चपटी झाली किंवा चिरली असेल तर बदलावी. चांगली असेल तर पुसून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन खोबणीत बसवावी. मग झाकण सरळ दाबावं, 'टक्' आवाज येतो. कडेला एका बाजूला फट दिसली, तर रिंग चिमटली आहे असं समजून झाकण पुन्हा उघडावं. नंतर काचेच्या आत वाफ धरली, तर ओल शिरते आहे.

घड्याळ वॉटर रेझिस्टंट असलं, तरी दुकानात प्रेशर टेस्ट केल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नये.