फाटलेल्या फोटोतला अर्धा चेहरा परत कसा आणायचा?

फोटोवरची बारीक चीर मोबाइलमधल्या हीलिंग टूलने सहज जाते. पण ते टूल आजूबाजूचेच पिक्सेल उचलतं, त्यामुळे डोळाच गायब असेल तर तिथे सरळ मागची भिंत भरतं! आजोबांच्या लग्नाच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत नेमकं हेच होतं: डावा डोळा आणि गाल फाटून गेलेला.

मी फोटो 600 डीपीआयला स्कॅन करून ब्राउझरमध्येच Photopea वर उघडला. मूळ लेयरला हात लावायचा नाही, सगळं काम वरच्या नव्या लेयरवर. मागची भिंत क्लोन स्टॅम्पने लगेच झाली.

चेहरा अगदी समोर बघत असेल, तर उरलेली बाजू कॉपी करून आरशासारखी उलटवता येते. पण प्रकाश उलटत नाही ना! आजोबांच्या नाकाची सावली फाटलेल्या बाजूला होती, म्हणून उलटवलेला गाल कर्व्ह्जने गडद केला. डोळ्यातला चमकता ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असतो, तो परत जागेवर आणला. उजव्या गालावरचा तीळही डावीकडे आला होता, तो पुसला.

तरी आजी म्हणाली, "हे काही खरं नाही रे, त्यांच्या डाव्या भुवईत खोक होती." तिने पेटीतून आजोबांचा जुना ओळखपत्राचा फोटो काढून दिला. भुवई मी त्यातून घेतली. आता मूळ स्कॅन आणि दुरुस्त फोटो अशा दोन्ही फाइल्स ठेवल्यात, आणि दुसरीच्या नावातच लिहिलंय: 'डावी बाजू नंतर जोडलेली'.