वीस टक्के, पण कशावर?

कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी मशीन शॉपही आहेत. कित्येकदा दोन्हींचा मालक एकच असतो. एका शेडमध्ये इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड वितळते, साच्यात ओतले जाते, फेटलिंग होऊन कास्टिंग तयार होते. ते दुसऱ्या शेडमध्ये जाते, तिथे मशीनिंग होते आणि तयार भाग ग्राहकाकडे रवाना होतो. पहिल्या शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणाऱ्या कास्टिंगला बाजारातला खरेदीदार नसतो, तरीही वहीत त्याला किंमत लावावी लागते. तिलाच ट्रान्सफर प्राइस म्हणतात. फाउंड्रीच्या दृष्टीने ही विक्री आणि मशीन शॉपच्या दृष्टीने खरेदी, म्हणून या एका आकड्यावर दोन्ही विभागप्रमुखांचा वर्षाचा हिशेब ठरतो.

तशाच कास्टिंगचा बाजारभाव मिळत असेल तर प्रश्न सोपा होतो. पण खास ग्राहकाच्या ड्रॉइंगवर बनणाऱ्या भागाला बाजारभाव कुठून मिळणार? मग कंपन्या खर्चाकडे वळतात: फाउंड्रीला जो खर्च आला त्यावर ठरावीक टक्के मार्कअप. बैठकीत सगळा वाद त्या टक्क्यांवर रंगतो. पंधरा द्यायचे की वीस, की पंचवीस? प्रत्यक्षात नफ्याची वाटणी त्याआधीच, टक्के कोणत्या रकमेवर लावायचे या ओळीत होऊन गेलेली असते, आणि ती ओळ बहुतेकदा कोणी नीट वाचलेली नसते.

समजण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिच्या फाउंड्रीत एका कास्टिंगला पिग आयर्न, स्क्रॅप वगैरे कच्च्या मालाचे ४०० रुपये लागतात. वीज, वाळू, रेझिन आणि नगावर मिळणारी मजुरी असा उत्पादनाबरोबर वाढणारा खर्च २०० रुपये. भट्टीचा घसारा, सुपरवायझरांचे पगार असा कारखान्याचा स्थिर खर्च नगामागे २०० रुपये, आणि मुख्य कार्यालयाच्या खर्चातला वाटा १०० रुपये. एकूण ९०० रुपये. मशीन शॉपचा स्वतःचा खर्च नगामागे ३५० रुपये आहे आणि ग्राहक तयार भागाचे १,५०० रुपये देतो. म्हणजे कंपनीला एका नगावर २५० रुपये सुटतात. वर्षाला १०,००० नग बनले आणि सगळे विकले गेले, तर नफा २५ लाख.

आता मार्कअप वीस टक्के ठरला असे धरू.

तो फक्त चल खर्चावर, म्हणजे ६०० रुपयांवर लावला तर ट्रान्सफर प्राइस ७२० रुपये होते. फाउंड्रीचा पूर्ण खर्च ९०० असल्याने तिला नगामागे १८० रुपयांचा तोटा, वर्षाला १८ लाख. मशीन शॉपचा नफा मात्र ४३ लाख. तेच वीस टक्के कारखान्याच्या पूर्ण उत्पादनखर्चावर, म्हणजे ८०० रुपयांवर लावले की किंमत ९६० होते. मग फाउंड्रीला ६ लाखांचा नफा, मशीन शॉपला १९ लाखांचा. आणि मुख्य कार्यालयाचा वाटा धरून ९०० रुपयांवर लावले तर किंमत १,०८० रुपये. आता फाउंड्री १८ लाख नफ्यात आणि मशीन शॉप ७ लाखांवर.

तिन्ही वेळा कंपनीचे २५ लाख तसेच राहिले. भट्टीत काही बदलले नाही, ग्राहकही तोच. तरी पहिल्या हिशेबात फाउंड्री बंद करण्याची चर्चा सुरू होईल आणि तिसऱ्यात मशीन शॉपच्या प्रमुखाला जाब विचारला जाईल. हेच उलट्या बाजूनेही पाहता येते. ९६० रुपयेच किंमत हवी असेल, तर चल खर्चावर साठ टक्के मार्कअप लागतो, उत्पादनखर्चावर वीस आणि पूर्ण खर्चावर पावणेसातच्या आतच. म्हणून ‘आमचा मार्कअप साठ टक्के आहे’ हे ऐकून ती फाउंड्री लुटते आहे असे समजू नये.

चौथा पायाही आहे, आणि त्यावर फार कमी कंपन्या विचार करतात. कच्चा माल बाजूला ठेवून फक्त प्रक्रियेच्या खर्चावर मार्कअप लावायचा. आपल्या उदाहरणात प्रक्रियेचे ५०० रुपये, त्यावर वीस टक्के म्हणजे १००, आणि किंमत १,००० रुपये. फाउंड्रीला १० लाख, मशीन शॉपला १५ लाख. इतर पायांच्या मानाने ही वाटणी मधली वाटते. पण तिचा खरा उपयोग लोखंडाचा भाव हलला की दिसतो.

समजा स्क्रॅप महागले आणि कच्चा माल ४०० वरून ५०० रुपयांवर गेला. ग्राहक दर वाढवून देत नाही, त्यामुळे कंपनीचा नफा २५ लाखांवरून १५ लाखांवर येतो. ट्रान्सफर प्राइस पूर्ण उत्पादनखर्चावर असेल तर ती ९६० वरून १,०८० होते. खर्च वाढला शंभराने, किंमत वाढली एकशेवीसने. फाउंड्रीचा नफा ६ लाखांवरून ८ लाखांवर चढतो आणि मशीन शॉपचा १९ वरून ७ लाखांवर कोसळतो. कंपनी दहा लाखांनी गरीब झाली आणि तिचा एक विभाग काहीही न करता दोन लाखांनी श्रीमंत झाला! प्रक्रियेच्या खर्चावर मार्कअप असता तर फाउंड्रीचे १० लाख दहाच राहिले असते. मशीन शॉप तेव्हाही ५ लाखांवर उतरले असते, पण निदान महागाईवर कोणी नफा कमावला नसता.

नुसत्या हातातून जाणाऱ्या मालावर मार्कअप लावायचा का, हा प्रश्न कोर्टातही गेला आहे. लि अँड फंग ही हाँगकाँगची मोठी सोर्सिंग कंपनी. तिची भारतातली कंपनी समूहातल्या परदेशी कंपनीसाठी इथल्या कारखानदारांकडून माल मिळवण्याचे काम पाही आणि त्याबद्दल स्वतःच्या खर्चावर पाच टक्के मार्कअप घेई. आयकर खात्याचे म्हणणे पडले की मार्कअप निर्यात होणाऱ्या मालाच्या किमतीवर हवा. आकडे कल्पून पाहिले तर अंतर लक्षात येते: स्वतःचा खर्च २ कोटी आणि माल १०० कोटींचा असेल, तर पाच टक्के एका पायावर १० लाख होतात आणि दुसऱ्यावर ५ कोटी. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नियमात करदात्याने स्वतः केलेल्या खर्चाचा उल्लेख आहे, तिसऱ्याच कारखानदाराने मालावर केलेला खर्च त्यात ओढून आणता येत नाही, असा त्याचा गाभा होता.

फाउंड्रीची गोष्ट त्याहून थोडी वेगळी आहे, कारण लोखंड तिच्या हातातून नुसते जात नाही. किती लोखंड जळून जाते, रनर आणि रायझरमध्ये किती अडकते, स्क्रॅपची मिसळ कशी ठेवायची हे तिच्याच कौशल्यावर ठरते. कच्चा माल पूर्णपणे बाजूला काढला तर हे कौशल्य हिशेबातून पुसले जाईल. त्यावर तोड अशी: लोखंडाचा दर बाजाराप्रमाणे पुढे पाठवायचा, पण नगामागे किती किलो लागावे हे आधी ठरवून. जास्त लागले तर भार फाउंड्रीवर, कमी लागले तर बचत तिची.

इथूनच सर्वांत महागात पडणारी चूक समोर येते. मार्कअप प्रत्यक्ष खर्चावर की ठरवलेल्या, म्हणजे स्टँडर्ड खर्चावर? एखाद्या महिन्यात रिजेक्शन वाढले. बाद नग पुन्हा भट्टीत जातात, लोखंड बरेचसे परत मिळते. पण वीज, वाळू, रेझिन आणि मजुरी गेली ती गेलीच. चांगल्या नगामागे खर्च ५० रुपयांनी वाढला असे धरू. किंमत प्रत्यक्ष उत्पादनखर्चावर वीस टक्क्यांनी ठरत असेल तर ती ६० रुपयांनी वाढते आणि फाउंड्रीचा नगामागचा नफा ६० वरून ७० होतो. वाईट कामाचे बक्षीस! स्टँडर्ड खर्चावर किंमत ९६० लाच थांबते, फाउंड्रीचा नफा १० रुपयांवर येतो आणि मशीन शॉपला दुसऱ्याच्या चुकीचा दंड पडत नाही. रिजेक्शनचा अहवाल बिघडतो आहे आणि विभागाचा नफा सुधारतो आहे असे एकाच महिन्यात दिसले, तर किंमत प्रत्यक्ष खर्चावर बांधली आहे का ते आधी तपासावे.

वाटणी कशीही झाली तरी पैसा घरातच राहतो, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो टिकत नाही, कारण विभागप्रमुख त्या आकड्यावर निर्णय घेतो. समजा दोन्ही शेडमध्ये यंत्रे रिकामी आहेत आणि एक नवा ग्राहक १,००० नगांसाठी प्रत्येकी १,२०० रुपये देऊ करतो. मशीन शॉपला या कामासाठी नगामागे २०० रुपयांचा जादा खर्च येईल. कास्टिंग १,०८० ला पडत असेल तर त्याच्या हिशेबात १,२८० रुपये होतात. तो ऑर्डर परत पाठवतो. कंपनीचा खरा जादा खर्च मात्र फाउंड्रीचे ६०० आणि मशीन शॉपचे २०० मिळून ८०० रुपयेच आहे. नगामागे ४०० रुपये, म्हणजे ४ लाख दारातून परत गेले. फाउंड्रीचा स्थिर खर्च मशीन शॉपच्या वहीत नगाबरोबर वाढणाऱ्या खर्चाचा वेष घेऊन पोहोचतो, म्हणून असे होते.

यावर काही कंपन्या किंमत दोन तुकड्यांत देतात. प्रत्येक नग स्टँडर्ड चल खर्चाला, म्हणजे ६०० रुपयांना जातो. शिवाय फाउंड्रीची क्षमता राखून ठेवल्याबद्दल मशीन शॉप वर्षाला ठोक रक्कम देते: ३० लाखांचा स्थिर खर्च आणि ६ लाख नफा. वर्षाची बेरीज ९६ लाख, म्हणजे ९६० रुपये दराइतकीच. पण ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवताना मशीन शॉपसमोर ६०० हा आकडा असतो. ठोक रक्कम आधीच्या अंदाजावर ठरते, त्यामुळे वर्षारंभी क्षमता कोणी किती मागितली हे लेखी हवे. नाहीतर मंदीच्या वर्षी त्यावरूनच भांडण पेटते.

फाउंड्री महाराष्ट्रात आणि मशीन शॉप दुसऱ्या राज्यात असेल तर याच मालावर जीएसटी लागतो, आणि कायद्याला त्याचे मूल्य हवे असते. खुल्या बाजारातले किंवा तशाच मालाचे मूल्य मिळत नसेल तर नियम ३० उत्पादनखर्चाच्या ११० टक्के धरतो. जुन्या अबकारी कायद्यातही स्वतःच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मालासाठी अशीच पद्धत होती. तिथे आधी ११५ टक्के होते, २००३ मध्ये ११० झाले. आपल्या कास्टिंगचे या हिशेबाने ८८० रुपये होतात, आणि त्यावर फाउंड्रीचे यश मोजले तर ती २ लाख तोट्यात दिसते. माल घेणाऱ्या शाखेला कराचा पूर्ण परतावा मिळत असेल तर नियम २८ बिलावरचे मूल्यच मान्य करतो, त्यामुळे ८८० ची सक्तीही राहत नाही. कराच्या बिलावर कोणतेही मूल्य असले तरी विभागांच्या कामगिरीसाठी कंपनी अंतर्गत अहवालात वेगळी ट्रान्सफर प्राइस ठेवू शकते; मात्र महिन्याअखेरीला दोन्ही आकड्यांतला फरक जुळवून दाखवणारा तक्ता कॉस्टिंग विभागाकडे तयार असावा लागतो.